मूत्रातला युरिया ‘वाढतो’ तो कुठे आणि कसा? नेफ्रॉनच्या आकृतीवर मांडलेला हिशेब

प्रश्न: “नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे, गाव परभणी जिल्ह्यात. वृक्कातल्या नेफ्रॉनची आकृती नावांसकट न बघता काढता येते. पण त्याच आकृतीवर अ, ब, क अशा खुणा करून ‘इथं काय असेल’ विचारलं की चुकतं. परवा चाचणीत तक्ता दिला होता: युरिया रक्तद्रवात ०.०३ टक्के, मूत्रात २ टक्के, कारण लिहा. मी लिहिलं, नलिकेत युरिया मिसळला जातो. शून्य मार्क. पचनातही तसंच, भाकरी-वरण खाल्लं तर त्यातलं लघवीत नेमकं काय जातं ते सांगता येत नाही. कसं समजून घ्यावं?”

तुझी आकृती पक्की आहे, तेव्हा ती आणखी घोटत बसू नकोस. अडलंय ते दुसरीकडे. तक्त्यातला आकडा ‘दर १०० मिलीत किती’ हे सांगतो आणि तू तो ‘एकूण किती’ असा वाचलास. लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, आणि वृक्काच्या धड्यात मार्क जातात ते बहुतेक याच एका जागी. नावं चुकल्यामुळे फार थोड्यांचे जातात.

आधी एक सांगून ठेवते. पुढचे आकडे निरोगी, आराम करत असलेल्या प्रौढ माणसाचे आहेत. ऊन, जेवण, पाणी, आजार यांनी ते बदलतात. पुस्तकापुस्तकांतही थोडा फरक सापडेल. पीसीटीत, म्हणजे नलिकेच्या पहिल्या वेटोळ्या भागात, किती पाणी शोषलं जातं याला तुझं पाठ्यपुस्तक सत्तर ते ऐंशी टक्के म्हणतं, मोठी वैद्यकीय पुस्तकं साधारण दोन तृतीयांश म्हणतात. पेपरात पाठ्यपुस्तकातला आकडा लिही. इथे मी हिशेबाला सोपा म्हणून दोन तृतीयांश धरते.

आता आकृती घे आणि तिच्यावर लाल पेनाने रक्ताची वाट काढ. बहुतेक मुलं ग्लोमेरूलसचा गुच्छ काढतात आणि तिथंच लाल पेन खाली ठेवतात. मग पुनःशोषणाचा बाण नलिकेतून बाहेर निघतो आणि हवेत लटकतो, कारण त्याला जायला जागाच काढलेली नसते. गुच्छात येणारी धमनिका जाड काढ, बाहेर पडणारी बारीक काढ, आणि ती बाहेर पडलेली धमनिका पुढे पीसीटी, हेन्लेचा फास आणि त्यापुढचा वेटोळा भाग म्हणजे डीसीटी, यांच्याभोवती केशिकांचं जाळं करते ते दाखव. जाळं शेवटी वृक्कशिरेला मिळतं. एवढं काढलंस की गाळण म्हणजे लालातून नलिकेत आणि पुनःशोषण म्हणजे नलिकेतून परत लालात, हे बोटाने दाखवता येतं.

खुणा अशा कर. अ म्हणजे गुच्छातलं रक्त. ब म्हणजे बोमन्स संपुटातली पोकळी. क म्हणजे पीसीटीचा शेवट. ड म्हणजे हेन्लेच्या फासाचं तळ. इ म्हणजे वर चढणाऱ्या भुजेचा शेवट. फ म्हणजे संग्राहक नलिकेचं खालचं टोक.

अ मधून ब मध्ये दर मिनिटाला साधारण १२५ मिली द्रव गाळला जातो. दिवसाचे झाले १८० लिटर. येणारी धमनिका रुंद आणि जाणारी अरुंद, म्हणून गुच्छात रक्ताचा दाब चांगला राहतो आणि त्या दाबानेच गाळण होतं. त्यात निवडानिवड फक्त आकाराची आणि थोडीफार विद्युतभाराची. रक्तपेशी आणि प्रथिनं अडतात, पाणी, ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, युरिया सगळे बिनदिक्कत पार होतात. ‘उपयोगी पदार्थ गाळले जात नाहीत’ असं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की मी तिथं लाल रेघ मारते. ग्लुकोज रक्तात जेवढा टक्के, तेवढाच ब मध्ये. युरियाही तेवढाच. म्हणूनच तुझ्या तक्त्यात रक्तद्रव आणि गाळीव द्रव या दोन रकान्यांत प्रथिनं सोडून बाकी आकडे सारखे असतात.

इथं एक गंमत बघ. बाहेर पडणाऱ्या धमनिकेत युरियाची टक्केवारी किती? वर्गात विचारलं की ‘कमी झाली’ असं एकसुरात उत्तर येतं. कमी होत नाही. पाणी आणि युरिया ज्या प्रमाणात होते त्याच प्रमाणात गाळले गेले, मग मागे राहिलेल्यात प्रमाण बदलणार कसं? बदलतं ते प्रथिनांचं. पाणी गेलं, प्रथिनं मागे राहिली, म्हणून तिथलं रक्त दाट होतं. हेच दाट रक्त पुढे पीसीटीभोवतीच्या केशिकांत जातं आणि नलिकेतून बाहेर आलेलं पाणी ओढून घ्यायला मदत करतं. गाळण जिथं होतं तिथंच पुनःशोषणाची तयारी होते ती अशी.

आता तुझा युरिया. टक्केवारीचं वजन करायला सोपी रीत आहे. टक्केवारीला १० ने गुण, म्हणजे एका मिलीत किती मिलिग्रॅम ते मिळतं. त्याला मिनिटाला किती मिली वाहतंय त्याने गुण.

ब पाशी: ०.०३ टक्के म्हणजे मिलीला ०.३ मिलिग्रॅम. गुणिले १२५. मिनिटाला ३७.५ मिलिग्रॅम युरिया नलिकेत आला.

फ पाशी: मूत्र मिनिटाला साधारण १ मिली पडतं, दिवसाचं जवळपास दीड लिटर. २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम. मिनिटाला २० मिलिग्रॅम युरिया बाहेर गेला.

३७.५ आत आला आणि २० बाहेर पडला. म्हणजे वाटेत युरिया मिसळला गेला नाहीच, उलट १७.५ मिलिग्रॅम रक्तात परत गेला. तुझं उत्तर नुसतं अपुरं नव्हतं, ते उलट्या दिशेचं होतं, म्हणून शून्य. टक्केवारी वाढली ती पाणी निघून गेल्यामुळे. आमटी चुलीवर आटली की खारट लागते, तेव्हा कुणी वरून मीठ टाकलेलं नसतं.

क पाशी थांबून बघितलंस तर हे आणखी स्वच्छ दिसेल. १२५ मिलीतलं दोन तृतीयांश पाणी गेलं, उरलं साधारण ४२ मिली. युरियाचाही अंदाजे अर्धा भाग पीसीटीतच परत जातो, उरला साधारण १९ मिलिग्रॅम. ४२ मिलीत १९ मिलिग्रॅम म्हणजे मिलीला ०.४५, म्हणजे ०.०४५ टक्के. युरिया निम्मा झाला आणि टक्केवारी दीडपट झाली! हे एक उदाहरण स्वतः कागदावर सोडव. त्यानंतर ‘क ला युरियाचं प्रमाण’ असा प्रश्न आला की तू आधी विचारशील, कोणतं प्रमाण, एकूण की टक्केवारीतलं.

यातूनच एक कसोटी निघते, ती मी मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. १२५ मिलीचं १ मिली झालं, म्हणजे पाणी साधारण १२५ पटीने आटलं. एखादा पदार्थ नलिकेत परतही गेला नाही आणि मिसळलाही नाही, तर त्याची टक्केवारी बरोबर तेवढ्याच पटीने वाढेल. इन्युलिन नावाची वनस्पतीतली शर्करा शिरेतून दिली तर अगदी असंच वागते, आणि म्हणूनच गाळणाचा वेग मोजायला ती वापरतात. पट त्यापेक्षा कमी आली तर पदार्थ परत गेला. जास्त आली तर नलिकेने तो वरून टाकला. युरियाची पट काढ: २ भागिले ०.०३ म्हणजे सुमारे ६७. १२५ पेक्षा कमी, म्हणजे काही भाग परत गेलाच. सोडियमची टक्केवारी तर रक्तात आणि मूत्रात जवळपास सारखीच दिसते, आणि मुलं लिहितात की ‘सोडियमवर काहीच क्रिया होत नाही’. पट एक आणि पाणी आटलं १२५ पटीने, म्हणजे सोडियम नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त परत गेला. सगळ्यांत जास्त काम ज्याच्यावर झालं, तोच तक्त्यात सगळ्यांत निवांत दिसतो.

तुझ्या उत्तरात सत्याचा एक कण होता, तोही सांगते, नाहीतर पुढे एखादं पुस्तक वाचून गोंधळशील. संग्राहक नलिकेच्या खालच्या भागातून थोडा युरिया बाहेर पडतो, भोवतालच्या ऊतीत साठतो आणि त्यातला काही हेन्लेच्या फासाच्या पातळ भागात पुन्हा शिरतो. म्हणजे त्या तेवढ्या जागी युरिया खरंच नलिकेत येतो. पण तो तिथल्या तिथे फिरतो, खोलवरची ऊती खारट ठेवायला मदत करतो, आणि शेवटच्या जमाखर्चात वजाबाकीच राहते. दोन मार्कांच्या उत्तरात याची गरज नाही.

फासाबद्दल फार लांबवत नाही, कारण तिथं एकच गोष्ट धरून ठेवायची असते. खाली उतरणारी भुजा पाणी सोडते, क्षार जवळजवळ नाही. वर चढणारी भुजा क्षार सोडते, पाणी अजिबात नाही. म्हणून क पाशी द्रवाची तीव्रता रक्ताएवढीच, ३०० मिलिऑस्मोल, कारण पीसीटीत पाणी आणि क्षार बरोबरीने गेले. ड पाशी ती १२०० पर्यंत चढते. आणि इ पाशी रक्तापेक्षाही पातळ, साधारण १०० च्या आसपास. ‘मूत्र तयार होताना द्रव सतत दाट होत जातो’ हे विधान चूक की बरोबर असं विचारलं, तर इ कडे बोट दाखव.

ग्लुकोजचा हिशेब याच रीतीने कर. रक्तात ०.१ टक्के, म्हणजे मिलीला १ मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला १२५ मिलिग्रॅम गाळला जातो. क पाशी येईपर्यंत तो जवळजवळ सगळा परत जातो, पुढच्या खुणांवर शून्य. आता मधुमेहाचा रुग्ण घेऊ, रक्तात दर १०० मिलीला ४०० मिलिग्रॅम साखर. गाळली जाते मिनिटाला ५०० मिलिग्रॅम. पीसीटीच्या पेशींत ग्लुकोज उचलणाऱ्या वाहक प्रथिनांची संख्या ठरलेली असते, सगळी कामाला लागली तरी मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅमच उचलतात. उरलेले १२५ पुढे जातात. साखर नलिकेत राहिली की ती आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवते, म्हणून असा माणूस रात्रीतून चारदा उठतो आणि घसा कोरडा म्हणतो. लघवीत साखर आणि जास्त लघवी ही दोन लक्षणं वेगळी पाठ करायची गरज नाही, दुसरं पहिल्यातूनच येतं.

हुशार मुलं इथं विचारतात, ३७५ ला १२५ ने भागलं तर मिलीला ३, म्हणजे दर १०० मिलीला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा येते, मग पुस्तकात १८० का? कारण लाखो नेफ्रॉन एकसारखे नसतात. काहींचे वाहक आधी संपतात, आणि तिथूनच साखर झिरपायला लागते. १८० हाही सगळ्यांचा आकडा नाही, गरोदरपणात तो खाली येऊ शकतो. शिवाय तुझ्या घरात कुणी आजी-आजोबा डापाग्लिफ्लोझिनची गोळी घेत असतील तर रक्तातली साखर आटोक्यात असूनही लघवीत साखर येते, कारण ती गोळी नेमके पीसीटीतले हेच वाहक अडवते. अशा वेळी नुसती लघवी तपासून काही ठरवायचं नसतं.

आता भाकरी-वरण. ज्वारीच्या भाकरीतलं पिष्ट लाळेतल्या आणि स्वादुपिंडाच्या अमायलेजने तुटून माल्टोज होतं, लहान आतड्याच्या भिंतीवर त्याचं ग्लुकोज होतं. उद्वर्धाच्या पेशी तो सोडियमच्या जोडीने उचलतात आणि केशिकेत सोडतात. ती पेशी आणि पीसीटीची पेशी, दोन्हींची आकृती शेजारी शेजारी काढ. नलिकेच्या पोकळीकडे तोच ब्रशसारखा काठ, सोडियमबरोबर ग्लुकोज आत ओढायची तीच पद्धत, मागच्या बाजूला सोडियम बाहेर फेकणारा तोच पंप. वाहक प्रथिनं एकाच कुळातली, फक्त प्रकार वेगळे. एक धडा नीट समजला तर दुसऱ्यातला निम्मा समजतो तो इथं. ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर का घालतात, याचं उत्तरही याच आतड्यातल्या पेशीत आहे.

तुरीच्या वरणातल्या प्रथिनांची वाट जरा लांबची. जठरात पेप्सिन, पुढे ट्रिप्सिन, शेवटी अमिनो आम्लं. ती यकृतद्वारीय शिरेने यकृतात जातात. शरीराला लागतील तेवढी वापरली जातात, जास्तीच्यांतला नायट्रोजनचा भाग काढला जातो, त्याचा अमोनिया होतो आणि यकृत त्याचा युरिया करतं. युरिया वृक्कात तयार होत नाही, हे वाक्य तू दहादा वाचलं असशील, पण ते वरणाच्या या वाटेवर ठेवलं की विसरत नाही. तर लघवीत वरणातलं जातं ते युरियाच्या रूपात, आणि प्रथिन म्हणून लघवीत जवळपास काहीच जात नाही. लघवीत प्रथिन सापडत राहिलं तर प्रश्न वरण जास्त खाल्ल्याचा नसतो, बहुतेक वेळा अ आणि ब मधल्या गाळणीचा असतो.

भाकरीतला कोंडा आणि तंतू मात्र रक्तात शिरतच नाहीत. जे रक्तात शिरलं नाही ते अ ला पोचणार नाही, आणि जे अ ला पोचलं नाही ते फ ला दिसणार नाही. ‘न पचलेलं अन्न मूत्रावाटे’ असा पर्याय आला की तो तिथंच खोड. न पचलेलं विष्ठेत जातं, ते पेशींनी कधी वापरलेलंच नसतं, म्हणून त्याला उत्सर्जन म्हणायचं नाही.

शेवटचा मुद्दा १२५ च्या कसोटीचा, कारण तिलाही मर्यादा आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लगेच कळते. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, दुपारी शेतात काम, पाणी कमी. मेंदूतून एडीएच हे पाणी राखून ठेवणारं संप्रेरक जास्त सुटतं, डीसीटीच्या शेवटच्या भागात आणि संग्राहक नलिकेत पाण्याच्या वाटा उघडतात, आणि खोलवरच्या खारट ऊतीकडे पाणी ओढलं जातं. लघवी गडद पिवळी, दिवसाला कदाचित अर्धा लिटर. त्याखाली फारसं जाता येत नाही, कारण दिवसाला साधारण ६०० मिलिऑस्मोल टाकाऊ पदार्थ बाहेर टाकायचेच असतात आणि वृक्क १२०० पेक्षा दाट मूत्र करू शकत नाही. ६०० भागिले १२००, अर्धा लिटर लागणारच.

अर्धा लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ०.३५ मिली. गाळण तेवढंच राहिलं असं धरलं, तर पाणी आता १२५ नव्हे, साधारण ३६० पटीने आटलं. अशा माणसाच्या मूत्रात युरियाची पट १४० आली, तर जुन्या कसोटीने तू म्हणशील की १२५ पेक्षा जास्त आहे, म्हणजे नलिकेने वरून टाकला. चूक. ३६० शी तुलना कर, निम्म्याहून जास्त परत गेला आहे. लघवीचा वेग मंदावला की युरिया परत जायला वेळही जास्त मिळतो. तेव्हा तक्ता समोर आला की आधी मूत्राचं आकारमान दिलंय का ते शोध. दिलं असेल तर पाण्याची पट स्वतः काढ. दिलं नसेल आणि इन्युलिनची ओळ असेल, तर तिची पट तीच पाण्याची पट. क्रिएटिनिनची ओळ असेल तर तीही चालते, फक्त नलिका थोडं क्रिएटिनिन वरून टाकते म्हणून तिची पट किंचित जास्त येते. आणि यातलं काहीच दिलेलं नसेल, तर युरिया परत गेला की मिसळला हे त्या तक्त्यावरून ठरत नाही. मग ‘पाणी शोषलं गेल्यामुळे टक्केवारी वाढली’ एवढंच लिही, परीक्षकाला तेच हवं असतं.